गूगलवरच्या वाईट शेऱ्यांची वही: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

ताडोब्याच्या मोहर्ली गेटकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं छोटं भोजनालय आहे. ज्वारीची भाकर, पाटोडीचा रस्सा, झुणका, वांग्याची भाजी आणि सावजी पद्धतीचं चिकन मिळतं. मागच्या ऑक्टोबरात जंगल उघडलं त्या आठवड्यात मी एक दोनशे पानी वही घेतली आणि गूगलवर एक, दोन किंवा तीन तारे देऊन कोणी काही लिहिलं की ते त्यात उतरवायला लागले. मे संपेपर्यंत अशा २६ नोंदी झाल्या. आमच्यासारखी हॉटेलं चालवणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून या वहीचा अनुभव लिहिते आहे.

सुरुवातीला मी फक्त उत्तरं द्यायची, तीही चुकीची. एकाने लिहिलं, ‘एक तास बसलो, रस्सा थंड, भाकर कच्ची.’ मी त्याच रात्री लिहिलं की ताजी भाकर हवी तर वेळ लागणारच. माझं म्हणणं खोटं नव्हतं. पण ते उत्तर त्या एका माणसाने वाचलं असेल किंवा नसेल, त्यानंतर आमचं पान उघडणाऱ्या प्रत्येकाने मात्र वाचलं. दूरवरून येणारा माणूस निघण्याआधी आधी वाईट शेरे बघतो आणि त्याखाली मालक कसा बोलतो तेही बघतो. तेव्हापासून मी एक रात्र जाऊ देते आणि सकाळी लिहिते.

वहीत पाच रकाने आहेत: शेरा आला ती तारीख, माणूस आमच्याकडे जेवला तो दिवस आणि वेळ, त्याचे नेमके शब्द, बिलबुकातला क्रमांक सापडला तर तो, आणि आम्ही काय केलं. पहिला रकाना त्याच दिवशी भरायचा, कारण काही दिवसांनी गूगल फक्त ‘३ महिन्यांपूर्वी’ असं दाखवतं आणि तारीख हातची जाते. शेरा आल्याचा ईमेल येतो, तो आला की वही उघडायची. जेवणाची वेळ लोक लिहीत नाहीत, म्हणून उत्तरात मी ती विचारते आणि आमचा फोन नंबर देते. काहीजण फोन करतात. बाकीच्यांची वेळ ‘सफारी करून आलो’, ‘आम्ही बाराजण होतो’ अशा शब्दांवरून बिलबुकात शोधावी लागते. बिलातलं काहीही उत्तरात उघड लिहायचं नाही, ते आपल्यापुरतं.

दोन महिन्यांनी वही चाळली तेव्हा वाटलं, रविवारी घोटाळा होतो, कारण बऱ्याच तक्रारी रविवारच्या होत्या. माझे दीर म्हणाले, “वहिनी, रविवारी गिऱ्हाईकबी तर दुप्पट असते ना.” बरोबर होतं. म्हणून मी तक्रारींशेजारी त्या त्या वेळेची बिलं मोजून लिहिली. रविवारचा संशय तिथेच गेला. पण वेळ वेगळी बोलली. मे अखेरपर्यंत २६ पैकी १७ तक्रारींची वेळ सापडली आणि त्यातल्या १२ सकाळी सव्वादहा ते पावणेबारा या दीड तासातल्या होत्या. दिवसाच्या बिलांचा पाचवा हिस्साही या वेळेत फाटत नाही.

सकाळची सफारी दहाच्या सुमारास सुटते. एका जिप्सीत सहा पर्यटक असतात, पाच जिप्सी आल्या की तीस माणसं एकदम बसतात, पहाटेपासून उपाशी. माणशी दोन धरल्या तर साठ भाकरी. आमच्या काकू दोन चुलींवर तासाला चाळीसेक भाकरी करतात, म्हणजे शेवटच्या माणसाची भाकर दीड तासाने. मी हे घड्याळ लावून मोजलं. आणि पोरं काय करत होती, तर गिऱ्हाईक चिडू नये म्हणून रस्सा आधीच वाढून ठेवत होती. तो ताटात थंड व्हायचा. घाईत तव्यावरून लवकर उतरवलेली भाकर मधे कच्ची राहायची. ‘उशीर’, ‘थंड’ आणि ‘कच्ची’ मी वहीत तीन वेगळ्या तक्रारी म्हणून लिहिल्या होत्या. मूळ एकच होतं: दोन चुली. काकूंना मी विचारलं तर त्या म्हणाल्या, “म्या काय करू माय, घाई केली तं भाकर कच्चीच राहीन.” इतके दिवस त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

जानेवारीत तीन बदल केले. दहा ते बारा भाकरीला गावातली आणखी एक बाई आणि तिसरी चूल. भाकर तव्यावर पडल्याशिवाय रस्सा वाढायचा नाही, तोवर ताक आणि कांदा-मिरची द्यायची. आणि जिप्सीचालकांना सांगितलं की गेटबाहेर पडलात की माणसं किती ते फोनवर कळवा. तिसरा बदल अर्धाच चालतो, कारण तिथे रेंज धड लागत नाही. पण पहिल्या दोघांचा फरक वहीत दिसला: त्या वेळेच्या १२ तक्रारींपैकी ९ बदलाआधीच्या आहेत, ३ नंतरच्या.

बदल झाल्यावरच मी जुनी उत्तरं बदलली. मालकाचं उत्तर नंतर दुरुस्त करता येतं, हे अनेकांना माहीत नाही. त्या पहिल्या माणसाला आता असं लिहिलेलं आहे: ‘नमस्कार. तुम्हाला तासभर थांबावं लागलं आणि रस्सा थंड मिळाला, ही आमची चूक होती. सफारी सुटल्यावर भाकरीला दोन चुली पुरत नव्हत्या. जानेवारीपासून तिसरी चूल आणि भाकरीला आणखी एक बाई आहे. रस्सा आता भाकरीसोबतच वाढतो.’ इतकंच. पुढे करू असं काही लिहायचं नाही, जे केलं तेच लिहायचं. एकच उत्तर सगळ्यांखाली चिकटवायचं नाही, ते लगेच कळतं.

काहीजणांनी सल्ला दिला की त्यांना फुकट जेवायला बोलवा आणि तारे वाढवून घ्या. मी ते केलं नाही. शेऱ्याच्या बदल्यात काही देणं गूगलच्या नियमात बसत नाही आणि मनालाही पटत नाही. एक शेरा तर आमचा नव्हताच, त्यात डोशाची तक्रार होती आणि आम्ही डोसा करत नाही. तो कळवला, पण काढला गेला नाही. खाली शांतपणे लिहिलं की आमच्याकडे डोसा मिळत नाही, बहुधा जागेची गफलत झाली.

तिखटाबद्दल वहीने मला काही सांगितलं नाही. पुण्या-मुंबईचे लिहितात जाळ झाला, नागपूरचे लिहितात सावजीसारखं झणझणीत नाही. दोघांसाठी एकच रस्सा सुधारता येत नाही, म्हणून आता तर्री वेगळ्या वाटीत देतो. आणि काही तक्रारींना मोजणी लावायचीच नसते. पाण्याला वास येतो असं एकाच बाईने लिहिलं होतं. त्याच दुपारी टाकी रिकामी केली, तळाशी गाळ सापडला.

या वहीची मोठी उणीव म्हणजे आमचं रोजचं गिऱ्हाईक तिच्यात नाही. जिप्सीचालक, शेतावरून येणारे, शाळेतले गुरुजी गूगलवर लिहीत नाहीत. नाराज झाले तर यायचे थांबतात. त्यांच्यासाठी दीर गल्ल्यावर बसून तोंडी विचारतात आणि मी ते मागच्या पानांवर लिहिते.

बदलानंतरच्या त्या ३ तक्रारी मी पुन्हा वाचल्या. त्यातल्या दोन तक्रारींत जेवणाला नव्हे, बिलाला उशीर झाला आहे. रेंज नसल्याने फोनवरून पैसे जात नाहीत आणि लोक गल्ल्यापाशी ताटकळत उभे राहतात. ऑक्टोबरात गेट उघडायच्या आत तारेचं इंटरनेट घ्यायचं ठरवलं आहे, अर्ज दिला आहे.