साधं इंडक्शन की स्ट्राँग इंडक्शन?

असाइनमेंटमधला प्रश्न असा: 12 किंवा त्याहून मोठी प्रत्येक पूर्ण संख्या 4a + 5b अशी लिहिता येते (a, b ऋण नाहीत). एका ज्युनिअरने विचारलं, कोणतं इंडक्शन वापरू?

पाया: साध्यात एकच, 12 = 4 + 4 + 4. स्ट्राँगमध्ये चार: 12, 13 = 4 + 4 + 5, 14 = 4 + 5 + 5, 15 = 5 + 5 + 5.

पायरी: साध्यात k वरून k + 1 गाठताना दोन शक्यता लिहाव्या लागतात. मांडणीत 4 असेल तर त्याजागी 5 ठेवा. नसेल तर सगळे 5 च आहेत, आणि k ≥ 12 असल्याने ते किमान तीन. तीन 5 काढून चार 4 घाला. ही युक्ती सुचावी लागते. स्ट्राँगमध्ये k ≥ 15 घेऊन k − 3 च्या मांडणीत एक 4 मिळवला की झालं.

चूक कुठे होते? स्ट्राँगमध्ये पाया 12 वरच थांबवतात. मग 15 साठी 11 लागतो, आणि 11 तर अशी लिहिताच येत नाही! म्हणून ‘k − 3 ≥ 12’ ही ओळ उत्तरात हवीच.

k वरून थेट k + 1 दिसत असेल, बेरजेच्या सूत्रांत दिसतं तसं, तर साधं घ्या. मागे उडी मारावी लागत असेल तर स्ट्राँग. या प्रश्नाला मी स्ट्राँगच लिहीन.