फोन बदलताना व्हॉट्सॲपचा बॅकअप: काही महिन्यांच्या वापरानंतर

अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपचा बॅकअप बरेच महिने वापरतोय. या काळात माझा आणि बाबांचा, दोघांचेही फोन बदलले. माझे मेसेज विनातक्रार आले, बाबांचे मात्र अडले. ते का अडले हे समजलं की हा सगळा प्रकारच समजतो.

बाबांचा नवीन फोन दुकानातल्या मुलाने सुरू करून दिला. जुन्या जीमेलचा पासवर्ड बाबांना आठवेना, म्हणून त्याने सरळ नवं खातं उघडलं. नंबर तोच, ओटीपीही आला, पण बॅकअप सापडला नाही. त्याने Skip दाबलं आणि बाबांच्या हातात कोरं व्हॉट्सॲप आलं. खरं तर मेसेज कुठेच गेले नव्हते. ते जुन्या गुगल खात्यात होते. बॅकअप सापडायला मोबाइल नंबर आणि गुगल खातं, दोन्ही तीच लागतात.

दुसरी मेख अशी, की Restore चं बटण नंबर पडताळल्यावर तेवढंच एकदा येतं. नंतर सेटिंग्जमध्ये कितीही शोधा, मिळत नाही. मग पासवर्ड रीसेट करून जुनं खातं नव्या फोनमध्ये घातलं, व्हॉट्सॲप काढून पुन्हा टाकलं आणि नंबर परत पडताळला. या वेळी बॅकअप तारखेसकट समोर आला. मधल्या दिवसांत नव्या फोनवर आलेले मेसेज मात्र यात गेले, कारण परत येतो तो बॅकअपच्या दिवसापर्यंतचाच मजकूर.

ती तारीखही बरीच जुनी निघाली. हल्ली अँड्रॉइडचा बॅकअपही गुगलच्या फुकटच्या १५ जीबीतच मोजतात. बाबांचं खातं फोटोंनी काठोकाठ भरलेलं, त्यामुळे बॅकअप कधीचाच अडकला होता. म्हणून सेटिंग्जमध्ये Chat backup उघडून शेवटची तारीख बघायची आणि जुना फोन हातात असतानाच BACK UP दाबायचं. व्हिडिओ हवे असतील तर Include videos चालू करावं लागतं, ते आपणहून घेतले जात नाहीत.

मधल्या आठवड्यांचे मेसेज आम्हाला जुन्या फोनमधून मिळाले. व्हॉट्सॲप रोज रात्री दोनच्या सुमारास फोनमध्येच एक प्रत ठेवतं. ती इथे असते:

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp/Databases
```

जुना फोन फॉरमॅट केला नव्हता हे नशीब. आतली msgstore ने सुरू होणारी फाइल नुसती उघडून वाचता येत नाही, ती कुलूपबंद असते. म्हणून अख्खं WhatsApp फोल्डर नव्या फोनमध्ये त्याच जागी टाकलं, ड्राइव्हवरचा जुना बॅकअप आड येऊ नये म्हणून गुगल खातं तेवढ्यापुरतं काढलं आणि पुन्हा नंबर पडताळला. बाबांचा सोसायटीचा ग्रुप जसाच्या तसा आला.

बॅकअपला एंड-टू-एंड एन्क्रिप्शन लावलं असेल तर मात्र पासवर्ड, पासकी किंवा ६४ अंकी-अक्षरी की यांपैकी जे ठेवलं असेल ते लागतंच. ते हरवलं आणि जुना फोनही हातात नसेल, तर कंपनीलाही तो बॅकअप उघडून देता येत नाही. बाबांच्या फोनवर मी ते मुद्दाम बंदच ठेवलंय.