पैठणी ‘रेडी’ करायला दिली आणि मधून मीटरभर कापड गायब – साडी शिवायला देणाऱ्यांनी वाचाच

हे लिहायला दोन महिने लावले कारण आठवलं की अजून छातीत धस्स होतं, पण परवा आमच्या कॉलनीतली एक वहिनी तिच्या सासूबाईंची साडी ‘रेडी’ करायला निघाली होती, मग म्हटलं लिहूनच टाकावं.

आम्ही परभणीचे. आई 68 वर्षांची, उजवा खांदा आखडलाय, हात वर जात नाही, निऱ्या घालायला गेली की डोळ्यात पाणी येतं. भाच्याची मुंज होती जालन्याला आणि तिला तिची जांभळी पैठणीच नेसायची होती, 2009 ला माझ्या लग्नात पैठणहून घेतलेली, पदरावर मोर, काठ नारळी. म्हणून मी संभाजीनगरच्या एका दुकानात दिली. त्यांच्या जाहिरातीत लिहिलं होतं ‘वन मिनिट साडी, साडीला काहीही होणार नाही’. मी फोनवर म्हणाले, आईला नेसायला सोपी करून द्या. तो म्हणाला, रेडी करून देतो ताई. बस, एवढंच बोलणं. 850 रुपये शिलाई. पावतीवर त्यानं लिहिलं ‘साडी स्टिचिंग फुल’ आणि मी ते वाचलं पण मला त्यातलं काय कळणार!

आता मला कळलंय, सगळा खेळ शब्दांचाच आहे. ‘रेडी’ या एका शब्दाखाली तीन वेगळी कामं चालतात.

पहिलं म्हणजे नुसत्या निऱ्या आणि पदराच्या घड्या बसवून इस्त्री मारून पिना लावून देणं. याला काही जण प्री-प्लीटेड म्हणतात, काही प्री-ड्रेप. साडी अख्खी राहते, नेसायची आपणच, पिना काढल्या की परत मोकळी. दुसरं म्हणजे न कापता कमरेला बेल्ट लावणं, निऱ्या वरच्या बाजूला बेल्टात टाक्यांनी धरायच्या, टाके उसवले की साडी होती तशी. आणि तिसरं म्हणजे कापून शिवणं. खालचा घेर वेगळा, पदर वेगळा, आणि दोन्ही कमरेला जोडायचे. दुकानदार तिन्हीला प्री-स्टिच्ड म्हणतो आणि घरी नेसून बघेपर्यंत आपल्याला फरक कळत नाही.

हातानं नेसताना साडे पाच मीटर कुठं कुठं जातं ते सांगते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. पहिला वेढा कमरेभोवती, आईला साधारण 1.1 मीटर. मग निऱ्या, एक निरी चार बोटांपेक्षा रुंद, म्हणजे पाच इंच धरली तर तिला दुप्पट, दहा इंच कापड लागतं, अशा सात निऱ्या म्हणजे पावणे दोन मीटर. मग दुसरा वेढा पाठीमागून उजवीकडं, तिथून छातीवरून डाव्या खांद्यावर, आणि उरलेला पदर मागं. तो दुसरा वेढा वरून दिसत नाही पण पाठीमागं दुहेरी कापड त्याच्यामुळंच येतं.

मुंजीच्या आदल्या रात्री आईला नेसवली आणि आई आरशापुढं नुसती उभी राहिली. निऱ्या दिसायला सहा होत्या पण बारीक, चार चार इंचाच्या, खोलीच नाही, चालली की पायात अडकायल्या आणि खाली फाकून उभ्या राहायल्या. हातानं घातलेली निरी पावलाबरोबर उघडते मिटते, ही तशी हलतच नव्हती. पाठीमागं एकेरी कापड, परकराची शिवण दिसायली. आणि पदर! खांद्यावर चार बोटांची घडी टाक्यांनी पक्की केलेली, अख्खा मोर त्या घडीत गेलेला, बाहेर नुसती जरीची पट्टी. आई म्हणाली, ‘अगं उद्या ओटी भरताना डोक्यावर पदर कसा घेऊ?’ ओढून बघितला तर टाका ताणला, पदर कानापर्यंतसुद्धा येईना. तिच्या आयुष्यात ती डोक्यावर पदर न घेता ओटीला बसली नाहीये. शेवटी मावशीची जुनी इरकल नेसून गेली आणि मला दिवसभर तिच्याकडं बघवत नव्हतं.

घरी येऊन मी साडी सतरंजीवर पसरली आणि टेप घेऊन खालचा काठ मोजला. हे तुम्हीही करा, मोजायचं ते घडीघडीतून टेप आत नेत, वरवर नाही. घेराचा भाग 2.3 मीटर, पदराचा 2.1 मीटर. एकूण 4.4. दिली तेव्हा साडे पाच होती, ब्लाउजपीस आधीच कापलेला, त्यामुळं तो हिशोब यात नाही. म्हणजे 1.1 मीटर गायब, आणि ते टोकाचं नाही, साडीच्या मधलं! निऱ्यांतून अर्धा मीटर मारला आणि पाठीमागचा दुसरा वेढा पूर्ण उडवला. बेल्टच्या आतून बोट फिरवलं तर उजव्या कमरेशी जोड लागला, ओव्हरलॉक मारलेला. बेल्ट नुसता टाचलेला असेल तर आत असा जोड लागतच नाही, तिथंच कळतं की कात्री चाललीय.

फोन केला तर म्हणाला, ताई तुम्हीच स्टिचिंग म्हणालात, पावती बघा, कापल्याशिवाय फिटिंग येत नाही. मी म्हटलं मग बाकीचं कापड कुठंय. म्हणे कतरण असते ती फेकतो. मीटरभर पैठणीची कतरण? मी भावाला घेऊन थेट दुकानात गेले, टेप टेबलावर ठेवला, जाहिरातीचा स्क्रीनशॉट दाखवला, आणि त्याच्यासमोरच 1915 ला, म्हणजे ग्राहक हेल्पलाइनला फोन लावला. तेव्हा आतल्या कपाटातून तुकडा निघाला, नीट घडी केलेला. कुणाच्या तरी ब्लाउजला जाणार होता, हे मी खात्रीनं सांगते, फेकायचं कापड कुणी घडी करून ठेवत नाही. शिलाईचे 850 परत दिले. पैठणीचं काय, तर काही नाही.

पैठणला एका जुन्या विणकर काकांना दाखवली. ते म्हणाले विणून परत सांधता येत नाही, जोडच द्यावा लागेल, आणि प्रत्येक जोडाला दोन्हीकडून थोडं कापड जाणारच. एक जोड एका निरीच्या आत लपतो, दुसरा उजव्या कमरेवर येतो, तो दिसणार. काठाची नारळी तिथं बरोबर जुळवून दिलीय त्यांनी, लांबून कळत नाही, पण आईला कळतं. त्यांनी आणखी एक सांगितलं, जरीवर कायमची घडी शिवू नका, तिथंच जर मोडते.

आता आईसाठी काय करतो तर साध्या साड्यांना न कापता बेल्ट, आणि पदर मोकळा, खांद्याला टाका नाही, पिन आपण लावायची. हे काम परभणीतल्याच एका बाईंकडून, आणि त्यांना मेसेज असा लिहिते: ‘साडी कुठंही कापायची नाही. निऱ्या सात, पाच इंची, फक्त बेल्टवर टाचायच्या. पदर शिवायचा नाही, डोक्यावर घेता आला पाहिजे. देताना काठ 5.5 मीटर, घेताना मोजून घेणार.’ समोरून ‘हो’ आलं की मगच साडी देते, आणि देताना टेप लावून एक फोटो काढते. पैठणी मात्र हातानंच, निऱ्या मी घालते, आई नुसती उभी राहते आणि डाव्या हातानं पदर सावरते.