अभ्यासाला एक, पॉडकास्टला दुसरा: कुकी क्लिकर, किटन्स गेम आणि मेल्व्हर आयडल

मागे चालू ठेवायला आयडल गेम, म्हणजे आपोआप चालत राहणारा खेळ, शोधणारे बहुतेक जण आधी ग्राफिक्स बघतात, नाहीतर फुकट आहे का ते बघतात. माझ्या मते आधी बघायचं ते वेगळंच. तासाभरात हा खेळ किती वेळा तुमची नजर मागतो, आणि टॅब झाकल्यावर तो खरंच चालू राहतो का? पॉडकास्ट ऐकताना डोळे मोकळे असतात, तेव्हा थोडी लुडबुड चालते. अभ्यास करताना डोळे पुस्तकावर असतात, तेव्हा तीच लुडबुड अख्खं प्रकरण बिघडवते. त्यामुळे दोन्ही कामांना एकच खेळ सुचवणं मला पटत नाही. वर्षानुवर्षं आलटून पालटून चालवलेले तीन खेळ शेजारी ठेवून बघते.

सुरुवात कुकी क्लिकरपासून, कारण बहुतेकांची तिथूनच होते. ऑर्तेई या फ्रेंच प्रोग्रामरने २०१३ मध्ये तो ब्राउझरमध्ये आणला. मोठ्या बिस्किटावर क्लिक करायचं, आलेल्या कुकींतून आज्या, शेतं, खाणी विकत घ्यायच्या, आणि मग त्याच तुमच्यासाठी कुकी भाजत बसतात. प्रत्येक खरेदीला त्या वस्तूची किंमत १५ टक्क्यांनी वाढते, म्हणून पुढची खरेदी सतत थोडी लांब जाते. इथपर्यंत अगदी शांत खेळ.

अडचण सोनेरी कुकीची. सुरुवातीला ती दर ५ ते १५ मिनिटांनी कुठेतरी उगवते आणि १३ सेकंद थांबते. पकडली तर कधी ७७ सेकंद उत्पादन सातपट होतं, कधी एकदम मोठा साठा मिळतो, जास्तीत जास्त १५ मिनिटांच्या उत्पादनाएवढा. पन्नास मिनिटांच्या लेक्चरमध्ये अशा सुमारे पाच कुकी येऊन जातात. पाचच वेळा ना, असं वाटेल. पण ती नेमकी कधी येणार ते माहीत नसतं, म्हणून मान पाच वेळा नाही, पंचवीस वेळा वळते. त्यात खेळ जसा पुढे जातो तसे ‘लकी डे’ आणि ‘सेरेन्डिपिटी’ हे अपग्रेड मिळतात, आणि दोन्ही सोनेरी कुकीचं येणं दुपटीने वाढवतात. म्हणजे तुम्ही जितके पुढे जाल तितकी तुमची नजर जास्त मागितली जाते. अभ्यासासाठी हा खेळ मी कुणालाच सुचवणार नाही.

पॉडकास्टसाठी मात्र त्यात एक छान वाट आहे. ‘वन माइंड’ हे संशोधन घेतलं की आज्या बिथरतात आणि मोठ्या कुकीभोवती सुरवंटासारखे रिंकलर येऊन चिकटतात. प्रत्येक रिंकलर ५ टक्के उत्पादन खातो, त्यामुळे दहा जमले की पडद्यावरचं उत्पादन निम्मं दिसतं आणि नवा माणूस घाबरतो. पण दहाही जण ते कमी झालेलं निम्मं उत्पादन आपापल्या पोटात स्वतंत्र साठवतात आणि फोडल्यावर १० टक्के वाढवून परत देतात. हिशेब करा: अर्धं तुमच्याकडे येतच आहे, वर दहा जणांचं प्रत्येकी अर्धं आणि त्यावर दहा टक्के, म्हणजे साडेपाच. एकूण सहापट. त्यासाठी काहीही न करता बसायचं, आणि एपिसोड संपला की एकेकाला क्लिक करून फोडायचं. या काळात काही सोनेरी कुकींच्या जागी लाल कुकी येतात आणि त्यातल्या काही उत्पादन निम्मं करतात. म्हणून या वाटेवर कुठल्याच कुकीकडे न बघणं हाच सोपा नियम.

किटन्स गेम दिसायला अगदी साधा आहे: एक पान मजकूर, काही बटणं, चित्र एकही नाही. लेक्चरच्या खिडकीशेजारी उघडा ठेवला तर कुणाला खेळ वाटणारही नाही. मांजरांचं गाव वसवायचं, कॅटनिप पिकवायचं, लाकूड, खनिजं, मग विज्ञान. याचं वैशिष्ट्य असं की बहुतेक गोष्टींच्या साठ्याला मर्यादा आहे. कोठार भरलं की पुढचं सगळं वाया. त्यामुळे हा खेळ तासन्‌तास सोडून देण्याचा नाही. अधूनमधून येऊन कोठार रिकामं करायचं, म्हणजे काहीतरी बांधून टाकायचं.

आणि इथे हिवाळा असतो. खेळातला एक दिवस २ सेकंदांचा, एक ऋतू १०० दिवसांचा. म्हणजे ऋतू २०० सेकंदांत संपतो आणि वर्ष १३ मिनिटं २० सेकंदांत. दीड तासाच्या पॉडकास्टमध्ये सहा-सात हिवाळे येऊन जातात. वसंतात शेतं दीडपट देतात, हिवाळ्यात फक्त पाव. कॅटनिप संपलं तर मांजरं उपाशी मरतात.

माझ्याकडे एकदा आठ मांजरं आणि पन्नास शेतं होती. एक शेत सेकंदाला सुमारे ०.६३ कॅटनिप देतं, म्हणजे एकूण ३१ च्या आसपास. एक मांजर सेकंदाला ४.२५ खातं, आठ जणांचे ३४. वसंतात आकडा भरपूर हिरवा दिसत होता, म्हणून मी निर्धास्तपणे एपिसोड लावला. उन्हाळ्यात आणि शरदात थोडीशी तूट होती, ती डोळ्यांना खुपलीच नाही. हिवाळ्यात शेतं जेमतेम ८ देऊ लागली आणि तूट सेकंदाला २६ वर गेली. दोनशे सेकंदांची तूट होते ५,२०० च्या वर, आणि कोठाराची मूळ मर्यादा ५,०००. म्हणजे हिवाळ्याच्या पहिल्या दिवशी कोठार काठोकाठ भरलेलं असतं, तरीही शेवटच्या काही सेकंदांत ते रिकामंच होणार होतं. परत येऊन बघते तर गाव निम्मं झालेलं.

उपाय मोठा नव्हता. दोन मांजरांना शेतकरी केलं की सेकंदाला साधारण १० कॅटनिप जास्त मिळतं, आणि शेतकऱ्यांच्या कामावर ऋतूचा परिणाम होत नाही. तूट २६ वरून १६ वर येते, हिवाळ्याला सव्वातीन हजार पुरतात. म्हणून खेळ मागे टाकण्यापूर्वी आताचा आकडा बघू नका. शेतांच्या मूळ उत्पादनाचा पाव भाग काढा, त्यात शेतकऱ्यांचं मिळवा, खाणं वजा करा आणि २०० ने गुणा. तेवढी तूट कोठारातल्या साठ्यातून भागत असेल तरच नजर काढा. ही सवय लागली की पंधरा मिनिटांतून एकदा डोकावलं तरी पुरतं, आणि पॉडकास्ट ऐकणाऱ्याला एवढी ये-जा सहज जमते. गप्पांचा पॉडकास्ट असेल तर मी नेहमी हाच लावते.

अभ्यासासाठी मात्र माझं मत ठाम आहे: मेल्व्हर आयडल. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये पूर्ण स्वरूपात आलेला हा खेळ रूनस्केप या ऑनलाइन खेळाच्या धाटणीवर बेतलेला आहे. लाकूडतोड, मासेमारी, स्वयंपाक अशी कौशल्यं, आणि प्रत्येकात ९९ लेव्हलपर्यंत जायचं. एक काम निवडायचं, सुरू करायचं आणि खेळ बंदच करून टाकायचा. परत उघडल्यावर मधला वेळ मोजून त्याचं फळ एकदम हातात देतो, चोवीस तासांपर्यंतचं. चालू खिडकीच नाही, मग मान वळणार कुठे?

पहिल्या दिवसाचं उदाहरण घ्या. साधं झाड ३ सेकंदांत तुटतं आणि १० अनुभव-गुण देतं. पन्नास मिनिटांचे ३,००० सेकंद, म्हणजे हजार लाकडं आणि १०,००० गुण. एका लेक्चरमध्ये पहिल्या लेव्हलवरून थेट सत्ताविसाव्यावर. मध्ये दहाव्या लेव्हलला ओक खुलतो आणि खेळ उघडून झाड बदलायचा मोह होतो. पण ओक ४ सेकंदांत १५ गुण देतो, म्हणजे वेग फक्त एक-अष्टमांशाने वाढतो. त्यासाठी अभ्यासातून उठू नका, लेक्चर संपल्यावर बदला.

पुढच्या लेव्हलची वाट पाहत बसणं तर मुळीच नको. गुणांचा चढ इतका उभा आहे की ९२ व्या लेव्हलला तुम्ही ९९ च्या जेमतेम अर्ध्या वाटेवर असता. हा महिनोन्‌महिने चालणारा खेळ आहे आणि त्याला तसंच घ्यावं.

एक धोका मात्र लक्षात ठेवा. लढाई लावून खेळ बंद करू नका, निदान ‘ऑटो ईट’ घेईपर्यंत तरी नाही. ते नसेल तर पात्र स्वतःहून खात नाही, जखमी होत होत मरतं आणि अंगावरची एखादी वस्तू गमावतं. ‘ऑटो ईट’ची पहिली पायरी १० लाख सोन्याच्या नाण्यांना मिळते. तोवर लाकूड, मासे, खाणकाम एवढ्यावरच राहा. स्वयंपाकासारखी कामं कच्चा माल संपला की थांबतात, म्हणून आधी मासे भरपूर जमवायचे आणि रात्री शिजवायला लावायचे. पूर्ण खेळ विकत घ्यावा लागतो, पण चाखून पाहायला फुकट डेमो आहे.

आता ब्राउझरबद्दल, कारण खेळ मंदावल्याच्या पुष्कळ तक्रारींचं मूळ तिथे असतं. २०२१ पासून क्रोम लपलेल्या आणि आवाज न करणाऱ्या टॅबचे टायमर पाच मिनिटांनंतर मिनिटाला एकदा एवढे मंद करू शकतो. मेल्व्हरला त्याने फरक पडत नाही, तो वेळ नंतर मोजून घेतो. कुकी क्लिकरमध्ये ‘स्लीप मोड’चा पर्याय आहे. खेळ रेंगाळला की तो झोपतो आणि ऑफलाइन दराने उत्पादन चालू होतं. हा ऑफलाइन दर मिळायला खेळ नव्याने सुरू केल्यावर मिळणारं एक ‘स्वर्गातलं’ अपग्रेड लागतं, आणि ते घेतलं तरी सुरुवातीला फक्त ५ टक्के. म्हणून खेळ वेगळ्या खिडकीत ठेवा आणि त्या खिडकीची निदान एक पट्टी उघडी राहू द्या, कारण पूर्ण झाकलेली खिडकीही लपलेली धरली जाते. शिवाय chrome://settings/performance मध्ये मेमरी सेव्हर चालू असेल तर खेळाची साइट कायम जागी राहणाऱ्या साइट्सच्या यादीत घाला.

खात्री करायची असेल तर दहा मिनिटं पुरतात. सेकंदाला २,००० कुकी येत असतील तर आकडा लिहून ठेवा, टॅब झाका, आणि दहा मिनिटांनी बघा. १२ लाख वाढले तर सगळं ठीक. त्याहून बरेच कमी वाढले असतील तर खेळ मधेच झोपला होता.

किटन्स आणि कुकी क्लिकर दोन्हींचा सेव्ह ब्राउझरमध्येच राहतो, साइटचा डेटा पुसला की तोही जातो. दोन्हींत सेव्ह मजकूर म्हणून बाहेर काढता येतो. आठवड्यातून एकदा तो कॉपी करून स्वतःलाच मेल करा.

कागदाच्या क्लिपा बनवायचा खेळ युनिव्हर्सल पेपरक्लिप्स या यादीत का नाही, असं कुणी विचारेल. तो २०१७ मध्ये आला आणि मला मनापासून आवडतो. पण सुरुवातीला तार संपली की कारखाना थांबतो, किंमत सतत वरखाली करावी लागते, आणि काही तासांत त्याची गोष्ट संपतेही. त्यासाठी एक मोकळी संध्याकाळ ठेवा, पॉडकास्ट बंद करून.