'तपासणी'चे 6,500 रुपये घेतले आणि लग्नाची तारीखच चुकवली

परस्पर संमतीच्या घटस्फोटाचा अर्ज लिहून देतो म्हणणाऱ्याने माझ्याकडून 18,500 रुपये घेतले. त्यातले 12,000 मसुद्याचे आणि 6,500 'वरिष्ठ वकिलांकडून तपासणी'चे. वकिलीची सनद विचारली नाही, ही माझी पहिली चूक.

तेव्हाच संशय यायला हवा होता. त्याने विवाह नोंदणीचा दाखला मागितलाच नाही! "ताई, तारीख फोनवर सांगा, पुरे." मूळ कागद न बघता तपासणी कशाशी ताडून करणार होता? हे मला त्या दिवशी का सुचलं नाही, याचा संताप आजही येतो. पण स्वतःच्या मोडलेल्या लग्नाचे अकरा परिच्छेद शांतपणे वाचणं सोपं नसतं. 'इथे सही' अशा पिवळ्या चिठ्ठ्या होत्या, तिथे तिथे आम्ही दोघांनी सह्या केल्या.

कोर्टाच्या कार्यालयाने अर्ज हरकत काढून परत दिला. परिच्छेद 2 मध्ये विवाह 9 मे 2016, परिच्छेद 6 मध्ये 27 जून 2016. दुसरी तारीख नोंदणीची. दाखल्यावर दोन्ही असतात, आणि अर्जात सगळीकडे विवाहाचीच हवी. माझं नाव शीर्षकात सासरचं, शपथपत्रात माहेरचं, मध्ये 'उर्फ' कुठेच नाही.

सगळ्यात भयंकर परिच्छेद 9. संयुक्त अर्जात नवरा अर्जदार क्र. 1 आणि मी क्र. 2, 'जाबदार', म्हणजे ज्याच्याविरुद्ध दावा असतो तो, कोणी नसतोच. इथे मात्र "जाबदार हिने अर्जदारास 4,00,000 रुपये द्यावेत" असं छापलेलं. म्हणजे कुणाच्या तरी एकतर्फी दाव्याचा नमुना उचललेला, आणि पोटगी मीच द्यायची! फाइलमध्ये 'जाबदार' शब्द शोधला असता तर एका मिनिटात सापडलं असतं. 'हिने', 'याने' सुद्धा क्रमांकाशी जुळतात का, ते बघा.

तक्रार करायला गेले. पोलीस म्हणाले, "कागद मिळाला ना? मग फसवणूक कसली? दिवाणी बाब आहे." वकिलांच्या परिषदेत सांगितलं, तो नोंदणीकृत वकीलच नाही, आम्ही कारवाई कशी करणार? म्हणजे सनद नसलेला माणूस सगळ्यांच्या हातून सुटतो! तीन सुट्ट्या वाया गेल्या, प्रत्येक टेबलावरून पुढच्या टेबलाकडे. कुणी एका कागदावर लेखी उत्तरसुद्धा दिलं नाही.

वेगळं राहायला लागल्याची तारीखही नीट बघा. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13ब नुसार दाखल करताना किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. वर्षाचा एक आकडा चुकला की अर्ज मुदतीआधीचा दिसतो. दाखला आणि आधार शेजारी ठेवून, प्रत्येक नाव बोट ठेवून वाचा.

नवीन वकीलबाईंनी अर्ज पुन्हा लिहिला, शपथपत्रं नव्याने झाली, आणखी 9,000 गेले. त्या माणसाचा फोन तेव्हापासून बंद आहे.