आयोनायझेशन स्मोक डिटेक्टर: सोलापुरातल्या घरातला आठ महिन्यांचा अनुभव

आमच्या घरात खाली चार माग आणि वर आम्ही. सुताच्या घराला आगीची भीती कायमची, म्हणून जिन्याच्या वरच्या छताला हा डिटेक्टर लावला. पाठीमागे किरणोत्सर्गाचं चिन्ह पाहून आई म्हणाली, "अरे, झोपायच्या खोलीबाहेर असलं काही कशाला टांगलंस?" तिचा प्रश्न योग्य होता, म्हणून नीट समजून घेतलं.

आत अमेरिशियम-२४१ असतं, साधारण ०.३ मायक्रोग्रॅम. त्यातून सेकंदाला सुमारे ३७ हजार अल्फा कण सुटतात. अल्फा कण जड आणि दुप्पट प्रभाराचा, त्यामुळे हवेत जेमतेम चार सेंटीमीटर जातो. पण तेवढ्यात हवेचे दीड लाखाच्या आसपास रेणू फोडून आयन तयार करतो. दोन पट्ट्यांमधल्या हवेतून त्या आयनांमुळे अतिशय बारीक वीजप्रवाह वाहतो. धुराचे कण आयनांना चिकटले की आयन जड होतात, प्रवाह घटतो आणि भोंगा वाजतो. बीटा कण इतक्या कमी अंतरात एवढे आयन देत नाहीत, आणि गॅमा किरण तर डबीच्या भिंतीतून बाहेर पडून घरभर पसरले असते. इथे जे काम हवं ते डबीतच होतं.

अल्फा कण कागदानेही थांबतो, कातडीच्या वरच्या मृत थरानेही. अमेरिशियमसोबत मंद गॅमा किरणही निघतात, पण इतक्या कमी मात्रेत आणि छताच्या अंतरावर ते नगण्य. धोका एकच: ते पोटात किंवा फुप्फुसात जाणं. म्हणून डबी उघडायची नाही, स्क्रू ड्रायव्हर लावायचा नाही, भंगारात द्यायची नाही. जुनी झाली की विक्रेत्याकडे परत. आईला हे सांगितल्यावर तिने चिन्हाकडे बघणं सोडलं.

अर्धायुष्य ४३२ वर्षं, म्हणजे दहा वर्षांत जेमतेम दीड टक्का घट. डिटेक्टर बदलायचा तो आतल्या इलेक्ट्रॉनिक्समुळे आणि धुळीमुळे.

आता तक्रार. एप्रिलमध्ये मागाचा बारीक कचरा जाळीत जाऊन तो रात्री दोनदा उगाच वाजला. तेव्हापासून दर महिन्याला बाहेरूनच व्हॅक्यूम क्लीनरने जाळी साफ करतो, तसा वाजला नाही. मिरचीची फोडणी दिली की मात्र अजून वाजतो, कारण त्यात बारीक कण फार.

खरी मर्यादा जुलैत कळली. देवघरातल्या उदबत्तीचा निखारा घडी घातलेल्या चादरीवर पडला. ज्वाळा नव्हती, चादर आतून धुमसत होती. वास आधी आईला आला. भोंगा त्यानंतर चार-पाच मिनिटांनी वाजला. धुमसणाऱ्या सुताचा धूर मोठ्या कणांचा, आणि हे यंत्र भडकलेल्या आगीच्या बारीक कणांना लवकर ओळखतं. म्हणून खाली मागांजवळ प्रकाशावर चालणारा फोटोइलेक्ट्रिक डिटेक्टर लावला, आणि हा जिन्यावर तसाच ठेवला.