मोठ्या साखळी क्लासच्या जाहिरातींपुढे लहान शिकवणी: तीन मार्गांची तुलना

लहान गावात अनेक वर्षे शिकवणी चालवणाऱ्या शिक्षकासमोर साखळी क्लासची शाखा उघडते, तेव्हा त्याच्यापुढे साधारणपणे तीन मार्ग असतात. पहिला, आपणही जाहिरातीचा खर्च वाढवून फलक, पत्रके आणि गुणवंतांचे फोटो यांच्या बळावर त्याच मैदानात उतरणे. दुसरा, एखाद्या साखळीची फ्रँचायझी घेऊन तिच्या नावाखाली वर्ग चालवणे. तिसरा, जाहिरात आहे तेवढीच ठेवून तो वाढीव पैसा पालकाला पडताळून पाहता येईल अशा कामात घालणे आणि तेच काम आपली ओळख बनवणे. हा आढावा शालेय परीक्षांसाठी आठवी ते दहावी शिकवणाऱ्या क्लासपुरता आहे. स्पर्धात्मक प्रवेश परीक्षांचे गणित वेगळे असते आणि त्याचा विचार शेवटी केला आहे.

पालक क्लास निवडतो तेव्हा नेमके काय विकत घेतो, हे आधी पाहिले पाहिजे. अर्थशास्त्रज्ञ फिलिप नेल्सन यांनी १९७० मध्ये वस्तूंचे दोन प्रकार मांडले: विकत घेण्याआधी पारखता येणाऱ्या आणि वापरल्यावरच कळणाऱ्या. १९७३ मध्ये डार्बी आणि कार्नी यांनी तिसरा प्रकार पुढे आणला, तो म्हणजे वापरूनही ज्यांचा दर्जा खात्रीने सांगता येत नाही अशा सेवांचा. शिकवणी बरीचशी या तिसऱ्या प्रकारात मोडते. मुलाला चांगले गुण मिळाले, तरी ते क्लासमुळे मिळाले, शाळेमुळे मिळाले की मुलगा मुळातच हुशार होता, हे पालकाला नक्की सांगता येत नाही. अशा बाजारात मोठी जाहिरात पाहणाऱ्याला एवढेच सुचवते की ही संस्था मोठी आहे आणि ती टिकेल. लहान क्लासने हीच गोष्ट जाहिरातीतून सांगायची ठरवली, तर तो कायम दुसरा दिसणार.

खर्चाची बाजूही प्रतिकूल आहे. जॉन फिलिप जोन्स यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले होते की, लहान ब्रँडचा एकूण जाहिरातींतील वाटा त्यांच्या बाजारातील वाट्यापेक्षा सहसा जास्त असतो, तर मोठ्या ब्रँडना कमी प्रमाणात खर्च करूनही आपली जागा राखता येते. साखळीचा एक फोटो, एक चित्रफीत, एक घोषवाक्य शेकडो शाखांत वापरले जाते. लहान क्लासला मात्र प्रत्येक फलकाचा पूर्ण भार एकट्याने उचलावा लागतो.

आता पहिल्या आणि तिसऱ्या मार्गाची तुलना एका कल्पित पण व्यवहारात बसेल अशा उदाहरणावर करू. एका क्लासमध्ये दरवर्षी आठवीला ५० नवे विद्यार्थी येतात आणि दर वर्षाअखेरीस ८० टक्के पुढच्या इयत्तेसाठी टिकतात. म्हणजे आठवीत ५०, नववीत ४० आणि दहावीत ३२, असे एकूण १२२. चौकशीच्या वहीत प्रत्येक पालकासमोर ‘आमच्याविषयी कोणाकडून कळले?’ या प्रश्नाचे उत्तर लिहून ठेवले आहे. वर्षभरातील १६० चौकश्यांपैकी १०० पत्रके आणि फलक पाहून आल्या आणि त्यांतून १५ प्रवेश झाले; उरलेल्या ६० आजी-माजी पालकांच्या सांगण्यावरून किंवा थोरल्या भावंडामुळे आल्या आणि त्यांतून ३५ प्रवेश झाले. जाहिरातीचा वार्षिक खर्च १० विद्यार्थ्यांच्या फीइतका आहे.

हा खर्च दुप्पट केला, तर प्रवेश दुप्पट होत नाहीत, कारण दुसरे पत्रक बहुतांशी त्याच घरांत जाते जिथे पहिले गेले होते. वाढीव खर्चातून ५ नवे प्रवेश मिळाले असे धरू. ८० टक्के टिकण्याच्या दराने हे दरवर्षीचे ५ तिसऱ्या वर्षापर्यंत एकूण पटात सुमारे १२ विद्यार्थ्यांची भर घालतात. १० फी खर्चून साधारण १२ फी हाती येतात, आणि तीही तिसऱ्या वर्षापासून. त्याआधीची दोन वर्षे तोट्याची जातात. शिवाय समोरच्या शाखेने आपले फलक वाढवले, की हे ५ प्रवेशही खात्रीचे राहत नाहीत.

तेवढ्याच १० फीमध्ये एक अर्धवेळ सहायक शिक्षक नेमता येतो. त्याचे काम दोनच गोष्टींचे: साप्ताहिक चाचणी त्याच आठवड्यात तपासणे आणि प्रत्येक पालकाला दर आठवड्याला दोन ओळींची नोंद पाठवणे. ही नोंद ‘प्रगती समाधानकारक’ अशी असेल, तर तिचा काहीही उपयोग नाही. ‘गुणोत्तराच्या पाच उदाहरणांपैकी दोन चुकली, रीत बरोबर आहे, पण मीटरचे सेंटिमीटर करायचे राहून जाते, सोमवारी तशी सहा उदाहरणे सोडवून घेणार आहोत’ अशी नोंद असली पाहिजे. पालकाला गणित कळो वा न कळो, आपल्या मुलाची वही कोणीतरी खरोखर पाहिली आहे, हे त्याला कळते, आणि पुढच्या आठवड्यात मुलाला विचारून ते पडताळताही येते. दर्जा सहज न दिसणाऱ्या सेवेत पालकाच्या हाती येणारा हा सर्वांत भक्कम पुरावा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

या कामामुळे टिकण्याचे प्रमाण ८० वरून ९० टक्क्यांवर गेले, तर पुढच्या वर्षी नववीत ४५ आणि दहावीत ३६ राहतात, म्हणजे ९ विद्यार्थ्यांची भर पडते. त्याच्या पुढच्या वर्षी दहावीत ४० होतात आणि एकूण भर सुमारे १३ वर जाते. दोन्ही मार्गांचा आकडा जवळपास सारखाच दिसतो. फरक असा की हा लाभ एक वर्ष आधी मिळतो आणि टिकलेले प्रत्येक घर पुढच्या चौकशीचे उगमस्थान होते, जिथून निम्म्याहून अधिक चौकश्यांचे प्रवेशात रूपांतर होते. मर्यादाही स्पष्ट आहे. टिकण्याचे प्रमाण ८८ टक्क्यांच्या आसपास पोहोचले नाही, तर सहायकाचा पगार केवळ टिकलेल्या विद्यार्थ्यांच्या फीतून सुटत नाही. जिथे आधीच ९२ किंवा ९३ टक्के विद्यार्थी टिकतात, तिथे या मार्गाने फारसे काही वाढणार नाही; तिथे नवीन चौकश्या कमी पडत असतील, तर जाहिरात वाढवणेच योग्य ठरेल.

पहिल्या मार्गाचा खरा दोष मात्र खर्चाहून गंभीर आहे, आणि तो गुणवंतांच्या फोटोंत आहे. नवी शाखा आली की ती सहसा शिष्यवृत्ती चाचणी घेते आणि वरच्या मुलांना फीत मोठी सवलत देते. आपल्या क्लासमधली पहिली पाच मुले तिकडे जातात आणि पुढच्या वर्षी त्यांचेच फोटो त्या शाखेच्या फलकावर झळकतात. ज्या क्लासने आपली सगळी ओळख गुणवंतांवर उभी केली, त्याच्या हातातून ती ओळख नेमकी गरजेच्या वेळी जाते. वर्षाच्या मध्यात क्लास सोडणाऱ्यांत वरच्या गुणांची मुले वाढू लागली, तर ही सुरुवात झाली असे समजावे; एकूण पट तोवर स्थिर दिसत असतो, म्हणून ही यादी गुणांच्या क्रमाने तपासली पाहिजे.

यावर लहान क्लासला करता येण्याजोगी आणि साखळीला अवघड जाणारी गोष्ट म्हणजे संपूर्ण बॅचचा निकाल जाहीर करणे. फलकावर २० फोटो असतात, पण ते किती मुलांमधून आले, हे बहुधा लिहिलेले नसते. दोन हजारांतून २० आले असतील, तर ते प्रमाण १ टक्का होते. ३२ जणांतले ३ हे ९ टक्क्यांहून अधिक होते. दहावीच्या सर्व ३२ मुलांचे गुण, नावे न देता, वरपासून खालपर्यंत एका कागदावर छापून चौकशीला आलेल्या पालकाच्या हाती देता येतात. खालचे गुण झाकण्याचा मोह टाळला, तरच त्या कागदाला किंमत आहे.

येथे दोन खबरदाऱ्या आवश्यक आहेत. लहान बॅचचा निकाल शिकवण्यात काहीही बदल न होताही हेलकावे खातो. सरासरीने ४० टक्के मुले ८० गुणांच्या वर जात असतील, तर ३२ जणांत एका वर्षी १० आणि दुसऱ्या वर्षी १६ येणे हे निव्वळ योगायोगानेही घडते. म्हणून तीन वर्षांचे निकाल एकत्र द्यावेत आणि एका चांगल्या वर्षाचा गाजावाजा करू नये, कारण त्यानंतरचे साधारण वर्षही लोकांना घसरण वाटते. दुसरी खबरदारी प्रगतीच्या दाव्याची. पहिल्या चाचणीत सर्वांत खाली असलेली दहा मुले निवडून त्यांचे वाढलेले गुण दाखवले, तर त्यातली काही वाढ आपोआप झालेली असते, कारण त्या दिवशी कोणी आजारी होते, कोणी घाबरले होते. सर्व बॅचची पहिली आणि शेवटची सरासरी, तीही सारख्या काठिण्याच्या प्रश्नपत्रिकांवरची, हाच प्रामाणिक दावा होय.

तिसऱ्या मार्गाची एक अडचण क्लासचालकांना उशिरा कळते. लहान क्लासमध्ये विश्वास सरांवर किंवा मॅडमवर असतो, संस्थेवर नाही, आणि चौकशीतला पहिला प्रश्न ‘सर स्वतः शिकवणार ना?’ हाच असतो. म्हणून नोंदींवर सुरुवातीपासून सहायक शिक्षकाचे नाव असावे, पालकसभेत मुलांविषयी त्यानेच बोलावे आणि फलकावर व्यक्तीच्या नावाबरोबर साप्ताहिक नोंदीचा उल्लेख असावा. नाव, रंग आणि अक्षरांची ठेवण मात्र वर्षानुवर्षे तीच ठेवावी. ओळख पटण्यासाठी लहान क्लासला फलकाचे एवढेच काम पुरते.

फ्रँचायझीविषयी थोडक्यात. तयार साहित्य, चाचणीमालिका आणि ओळखीचे नाव हे त्याचे फायदे. प्रवेशशुल्क आणि फीतला वाटा ही उघड किंमत. छुपी किंमत करारात असते: विद्यार्थ्यांची माहिती कोणाच्या मालकीची, आणि करार संपल्यावर त्याच परिसरात स्वतःच्या नावाने शिकवण्यास किती काळ मनाई, ही दोन कलमे सही करण्याआधी वकिलाकडून वाचून घ्यावीत. अनेक वर्षांची कमावलेली ओळख दुसऱ्याच्या नावात विरघळवल्यावर ती परत मिळवणे फार कठीण जाते. जो स्वतः शिकवत नाही आणि ज्याचे गावात शिक्षक म्हणून नाव नाही, त्याच्यासाठी मात्र हा मार्ग रास्त आहे.

स्पर्धात्मक प्रवेश परीक्षा शिकवायच्या असतील, तर साखळीकडे एक गोष्ट खरोखर श्रेष्ठ असते. तिथे गुणांपेक्षा हजारो स्पर्धकांतले स्थान महत्त्वाचे, आणि ते ३२ मुलांच्या चाचणीतून कळू शकत नाही. अशा वेळी स्वतंत्रपणे विकली जाणारी, अनेक ठिकाणची मुले देतात अशी चाचणीमालिका विकत घ्यावी, पालकांना तसे स्पष्ट सांगावे आणि त्या चाचणीनंतरची चुकांची नोंद मात्र आपल्या हाताने लिहावी. अशी मालिका मिळतच नसेल, तर त्या परीक्षांची बॅच सुरू करू नये.